‘ला’ कुठला, ‘मा’ कुठला

हाँगकाँगच्या एका भाषांतर कार्यालयात मी इंग्रजी मसुदे तपासायचं काम करते. मूळ मजकूर बहुतेक वेळा कॅन्टनीज भाषेतल्या व्हॉट्सॲप संवादांचा असतो. नोकरीवरून वाद झाला, घरमालकाशी बिनसलं, भागीदारी मोडली की दोन्ही बाजू आपापल्या फोनमधले संदेश पुढे करतात, आणि इंग्रजी वाचणाऱ्या कुणासाठी तरी ते भाषांतरित करावे लागतात. करार किंवा अहवाल भाषांतरित करायला सोपे वाटावेत इतकं हे काम अवघड आहे. त्याचं मुख्य कारण वाक्याच्या शेपटाला बसलेलं एक अक्षर: ला, मा, लो, वो, का, अशा तीसेक अव्ययांपैकी कुठलं तरी.

मराठी माणसाला ही अव्ययं समजावून सांगावी लागत नाहीत. ‘ये’ आणि ‘ये ना’, ‘सांगितलं’ आणि ‘सांगितलं की’, ‘तो आजारी आहे’ आणि ‘तो आजारी आहे म्हणे’ यांत काय फरक आहे हे आपण जन्मापासून जाणतो. कॅन्टनीजमधला ‘वो’ विशिष्ट सुरात उच्चारला की त्याचा अर्थ नेमका आपल्या ‘म्हणे’सारखा होतो: हे मी ऐकलेलं सांगतोय, जबाबदारी माझी नाही. इंग्रजीत मात्र हे सगळं बहुतेक आवाजाच्या चढउतारात असतं, आणि कागदावर आवाज नसतो.

कॅन्टनीजमध्ये प्रत्येक अक्षराला सूर असतो आणि सूर बदलला की शब्दच बदलतो. ज्युतपिंग ही लिप्यंतराची पद्धत हाँगकाँगच्या भाषाशास्त्र संस्थेने १९९३ मध्ये ठरवली. तिच्यात सहा सूर १ ते ६ या आकड्यांनी दाखवतात. १ म्हणजे वरचा सपाट सूर, ३ म्हणजे मधला सपाट. अव्ययांनाही हेच लागू. ‘ला’ वरच्या सुरात म्हटला तर तो आग्रहाचा, समजुतीचा, ‘बरं तर मग’ असा असतो. मधल्या सुरातला ‘ला’ परिस्थिती बदलली असं सांगतो: आता झालं, यापुढे असं. जेवायला बस म्हणून गळ घालताना पहिला ला, आणि ‘जेवण झालं आता’ म्हणताना दुसरा. बोलताना कुणाचाही गोंधळ होत नाही.

लिहिताना होतो. या दोन ‘ला’ना दोन वेगळी चिन्हं आहेत. दोन्हींच्या डाव्या बाजूला तोंडाचा छोटा चौकोन आणि उजवीकडचा भाग वेगळा. शिकलेला माणूस पत्रात ती नीट वापरेल. पण फोनवर घाईत टाइप करणारा माणूस जे चिन्ह आधी वर येईल ते दाबतो, आणि पुष्कळजण सरळ रोमन लिपीतली दोन अक्षरं, la, लिहून मोकळे होतात. सूर तिथेच गळतो.

ज्या प्रकरणामुळे मला हा लेख लिहावासा वाटला ते एका उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरातलं आहे. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील मी बदलले आहेत. तिथल्या एका कामगाराला पर्यवेक्षकाने विचारलं, उद्या रात्रपाळीला येशील का. आई रुग्णालयात आहे, जमणार नाही, असं कामगाराने कळवलं. दोनचार संदेशांनंतर पर्यवेक्षकाने लिहिलं, ‘गम नेई थिंग-यात म-सय फान la’. शब्दशः: ‘मग तू उद्या कामावर यायची गरज नाही’, आणि पुढे तो la. कामगाराचं उत्तर होतं ‘होउ la’, म्हणजे ‘ठीक’, आणि पुन्हा तोच la. त्यानंतर तो कामावर गेलाच नाही. त्याचं म्हणणं होतं की मला काढून टाकलं. कंपनीचं म्हणणं होतं की तोच सोडून गेला. कंपनीचं मुख्य कार्यालय परदेशात होतं आणि तिथे सगळं इंग्रजीत वाचलं जायचं.

पहिला ला मानला तर वाक्याचा अर्थ: ‘बरं, मग उद्या नको येऊस.’ एका दिवसाची सुट्टी, जरा नाराजीने दिलेली. दुसरा मानला तर: ‘मग उद्यापासून तुझी गरज नाही आता.’ नोकरी गेली. त्यातून ‘फान’ हे क्रियापद परत येणे आणि कामावर जाणे या दोन्हींसाठी वापरतात, त्यामुळे तिथेही आधार नाही.

मसुदा तयार करणाऱ्या तरुणाने हा la वगळला होता आणि इंग्रजीत ‘यू डोन्ट नीड टू कम बॅक टुमॉरो’ असं लिहिलं होतं. अव्यय भाषांतरित होत नाही, म्हणून सोडून द्यायचं, असं बरेच जण मानतात. मला ते पटत नाही. अव्यय काढलं की उरलेलं वाक्य तटस्थ होत नाही, ते कोरडं आणि हुकमी होतं. त्यात ‘बॅक’ शब्द आल्यावर ते वाक्य थेट हकालपट्टीचं झालं होतं. काढून टाकल्याचा निर्णय पर्यवेक्षकाने दिला की नाही हे नंतर ठरायचं होतं. भाषांतराने तो आधीच देऊन टाकला होता.

उलट टोकाची वाट म्हणजे la जसाच्या तसा ठेवणे. त्याने काही साधत नाही. इंग्रजी वाचकाला ती सिंगापूरच्या बोलीतली लकब वाटते आणि तो ते अक्षर ओलांडून पुढे जातो.

मग काय करायचं? आमच्या कार्यालयातल्या ज्येष्ठ भाषांतरकार बाईंची एक पद्धत आहे आणि ती मी आता सगळीकडे वापरते. त्या आधी पूर्ण संवाद काढतात, महिन्यांचा असला तरी. त्यातले एकाच माणसाचे सगळे ‘ला’ वेगळे करतात. ज्या वाक्यांत अर्थाविषयी शंका नाही तेवढी बाजूला घेतात. क्रियेमागे ‘जो’ लागला असेल, म्हणजे क्रिया पूर्ण झाली आहे, तर तिथे बहुधा मधल्या सुरातला ला. पुढच्याला काही करायला सांगितलं असेल तर वरचा. मग हा माणूस कुठल्या ठिकाणी कुठलं चिन्ह किंवा रोमन अक्षरं वापरतो ते तपासतात. आमचा पर्यवेक्षक ‘माल आला ला’ इथेही la लिहीत होता आणि ‘लवकर ये ला’ इथेही. म्हणजे त्याच्या लेखनातून सुराचा पुरावा मिळणार नव्हता. हे कळणंही महत्त्वाचं, कारण एखादा माणूस दोन चिन्हं काटेकोर वापरत असेल तर त्याच्या बाबतीत चिन्ह हाच पुरावा ठरतो.

दुसरी पायरी आवाजी संदेशांची. हाँगकाँगमध्ये लोक ते भरपूर पाठवतात. त्या वादग्रस्त संदेशाच्या आसपास आवाजी संदेश असला तर त्यात माणसाचा त्या वेळचा सूर ऐकू येतो. लिहिणाऱ्यालाच आज ते वाक्य मोठ्याने वाचायला लावावं असं कुणालाही सुचेल, पण बाई त्याला साफ नकार देतात. वाद सुरू झाल्यावर माणूस आपल्याला हवा तोच सूर लावणार.

तिसरी पायरी म्हणजे पुढचे संदेश. दुसऱ्या दिवशी रात्री पर्यवेक्षकाने पुन्हा लिहिलं होतं, ‘थिंग-यात फान म-फान आ’, उद्या येतोस की नाही. काढून टाकलेल्या माणसाला कुणी हे विचारत नाही. पण कामगाराने आदल्या दिवशी काय समजून घेतलं याचं उत्तर त्यातून मिळत नाही. ‘होउ la’ मधला ला वरचा असेल तर ‘बरं, ठीक आहे’, जरा नाइलाजाने. मधला असेल तर ‘झालं मग, बरं झालं’, अशा सुरातही तो घेता येतो.

याच संवादात मसुद्यात दुसरी एक चूक होती, आणि ती ‘मा’ची होती. कामगाराने एका ठिकाणी लिहिलं होतं ‘ङो गोंग जो ma’. तरुण भाषांतरकार मँडरिन शिकून आला होता. मँडरिनमध्ये वाक्याच्या शेवटी ‘मा’ लागला की साधारणतः प्रश्न होतो, म्हणून त्याने ‘डिड आय टेल यू?’ असं लिहिलं. कॅन्टनीजमध्येही प्रश्नाचा ‘मा’ आहे, पण रोजच्या बोलण्यात तो थोडक्या ठिकाणीच येतो. ‘येतोस का’ विचारायला लोक क्रियापद होकारी-नकारी असं दोनदा वापरतात, वर ‘फान म-फान’ मध्ये आहे तसं. साध्या विधानाच्या शेवटी आलेला ‘मा’ बहुतेक वेळा कारण देणारा असतो: हे तुलाही ठाऊक आहे, मग विचारतोस कशाला. आपण ‘सांगितलं की मी!’ म्हणतो तो हा ‘की’. आणि या दोन्ही ‘मा’चा सूर एकच आहे, ३, त्यामुळे आवाजी संदेश मिळाला तरी सुटका होत नाही, वाक्याची घडणच पाहावी लागते. प्रश्न म्हणून वाचलं तर कामगार स्वतःच आठवत नसल्यासारखा दिसतो. विधान म्हणून वाचलं तर तो ठामपणे म्हणतोय की आईच्या आजाराबद्दल आधीच कळवलं होतं. एका प्रश्नचिन्हाने त्याची सगळी बाजू दुबळी होत होती. आम्ही तिथे ‘आय डिड टेल यू’ लिहिलं. ‘डिड’ वरचा जोर तो ‘की’ पुरेसा पेलतो.

कधी ही अव्ययं एकापुढे एक येतात, आणि त्यांचा क्रम ठरलेला असतो. पर्यवेक्षकाने आधी एकदा लिहिलं होतं, ‘नेई यिंग-सिंग जो का ला वो’. ‘का’ विधानाला ठामपणा देतो, ‘ला’ सांगतो की ते झालेलं आहे, ‘वो’ पुढच्याला आठवण करून देतो. मराठीत ‘कबूल केलंयस हं पण तू’ असं मी म्हणेन. इंग्रजीत यातलं प्रत्येक अव्यय वेगळं आणायला गेलं की वाक्य फुगतं आणि माणूस वकिली भाषेत बोलल्यासारखा वाटतो. म्हणून आम्ही तिथे ‘यू डिड प्रॉमिस, रिमेंबर’ असा मसुदा घेतला, ‘ऑलरेडी’ सोडला, आणि क्रिया झालेली असल्याचं भूतकाळावर सोपवलं. दोन अव्ययं पोचली, एक क्रियापदात मुरलं.

वादाच्या वाक्याचं शेवटी काय केलं ते सांगते. इंग्रजीत आम्ही लिहिलं, ‘देन नो नीड टू कम इन टुमॉरो.’ ‘बॅक’ काढला, ‘कम इन’ घातलं, कारण कामावर जाण्यासाठी ते सहज वापरतात. कर्ता गाळला, त्यामुळे हुकमीपणा उतरला. ‘देन’ ठेवला, कारण तो मूळच्या ‘गम’चा आहे आणि आधीच्या बोलण्याशी धागा जोडतो. वाक्य सुट्टी म्हणूनही वाचता येतं आणि हकालपट्टी म्हणूनही, मूळ जसं वाचता येतं तसं. खाली टीप दिली: शेवटचं अव्यय रोमन अक्षरांत असल्याने सूर कळत नाही, एका सुरात अर्थ तात्पुरती परवानगी, दुसऱ्या सुरात बदललेली स्थिती, याच लेखकाने इतरत्र दोन्ही अर्थांना तीच अक्षरं वापरली आहेत, संदेश क्रमांक अमुक आणि तमुक पाहा. पुढच्या रात्रीच्या प्रश्नाचा उल्लेख टिपेत केला नाही. तो संदेश भाषांतरात आपल्या जागी आहेच, त्यावरून निष्कर्ष काढणं वाचणाऱ्याचं काम.

‘होउ la’ साठी आम्ही ‘ऑल राइट’ ठेवलं. ‘फाइन’ हा पहिला विचार होता, पण इंग्रजीत त्या शब्दाला कधीकधी चीड चिकटते, आणि कामगार चिडला होता याचा पुरावा त्या संवादात कुठेच नव्हता.