वीस घोडे आणि शंभराचा हिशेब

मुंबईच्या महालक्ष्मी मैदानावरील शर्यतीत बुकी प्रत्येक घोड्याचा भाव जाहीर करतो. भाव 2 म्हणजे घोडा जिंकल्यास 1 रुपयाचे 2 रुपये परत. 100 ला भावाने भागले की त्या घोड्याची शक्यता टक्क्यांत मिळते. सर्व घोड्यांची बेरीज 100 यायला हवी; बुकी ती जास्त ठेवतो. किती जास्त?

समजा, दोनच तुल्यबळ घोडे आहेत. प्रत्येकी 50 टक्के, भाव 2. एकाची खरी शक्यता 52 टक्के असेल आणि जाणकारांनी त्यावरच पैसे लावले, तर बुकीला रुपयामागे सरासरी 1.04 रुपये द्यावे लागतील. तोटा 4 पैसे. आता 20 तुल्यबळ घोडे घ्या. प्रत्येकी 5 टक्के, भाव 20. येथेही 2 टक्क्यांचीच चूक झाली, खरी शक्यता 7 टक्के निघाली, तर द्यावे लागतील 1.40 रुपये, तोटा 40 पैसे!

चूक कोणत्या घोड्याबाबत होईल हे ठाऊक नसते. म्हणून बुकीने प्रत्येकाच्या शक्यतेत 2 टक्के मिळवले, तर दोन घोड्यांची बेरीज 104 होते, विसांची 140. भाव 20 वरून सुमारे 14 वर उतरतो. प्रत्यक्षात ही भर सर्वांना सारखी नसते. पण दोन भावांची बेरीज कोणीही चटकन करतो. विसांची सहसा कोणी करीत नाही.