महाराष्ट्राचे ४,१५,८०० अवतार

इंग्रजी स्पेलिंगमधला ‘महाराष्ट्र’ घ्या. एम, ए, एच, ए, आर, ए, एस, एच, टी, आर, ए. अक्षरं अकरा. ही उलटसुलट मांडून किती वेगवेगळे ‘शब्द’ होतील? अर्थ नसला तरी चालेल, उच्चार करताना जीभ अडखळली तरी चालेल. अकरावीच्या परम्युटेशन-कॉम्बिनेशनच्या धड्यात आणि सीईटीच्या तयारीच्या पुस्तकांत असे प्रश्न पोत्यानं असतात. उत्तर आहे ४,१५,८००.

दर सेकंदाला एक शब्द, न झोपता न जेवता लिहीत बसलात, तर पाच दिवसांच्या आत सगळे संपतील. हीच अकरा अक्षरं एकमेकांहून वेगळी असती, तर त्याच वेगानं बरोब्बर ४६२ दिवस लागले असते. मधले ४५७ दिवस वाचवले ते जुळ्या अक्षरांनी.

शहाण्णव प्रती, शब्द एकच

वेगळी अकरा अक्षरं ११ फॅक्टोरियल प्रकारे, म्हणजे ३,९९,१६,८०० प्रकारे मांडता येतात. आता चार ‘ए’ लाल, निळा, हिरवा, पिवळा असे रंगवा. दोन ‘एच’ आणि दोन ‘आर’ यांनाही वेगवेगळे रंग द्या. रंगीत असताना प्रत्येक मांडणी निराळी दिसते. मग रंग पुसून टाका. चार ‘ए’ आपापसांत २४ प्रकारे जागा बदलू शकतात, ‘एच’ २ प्रकारे, ‘आर’ २ प्रकारे. म्हणजे २४ × २ × २ = ९६ रंगीत मांडण्या रंग गेल्यावर हुबेहूब एकसारख्या दिसतात. प्रत्येक शब्द ९६ वेळा मोजला गेला, म्हणून ९६ ने भागायचं.

इथली लाडकी चूक म्हणजे २४, २ आणि २ यांची बेरीज करून २८ ने भागणं. ही चूक मोठी बेरकी आहे. भागाकार सुरळीत होतो, १४,२५,६०० असं गोंडस पूर्णांक उत्तर येतं आणि पर्यायांत तेही छापलेलं असलं की विद्यार्थी खुशाल त्यावर गोल करून पुढे जातो.

कटकट करून काही कळत नाही

शिक्षक सांगतात, शंका आली तर छोटा शब्द घेऊन पडताळा करा. सल्ला चांगलाच, पण शब्द कोणता घ्यायचा? समजा ‘कटकट’ घेतला. चार अक्षरं, दोन ‘क’, दोन ‘ट’. मांडण्या सहा: कटकट, टकटक, कटटक, टककट, ककटट, टटकक. सूत्रानं २४ भागिले (२ × २), उत्तर ६. जुळलं! पण बेरीज करणाऱ्याचंही २४ भागिले (२ + २), उत्तर ६. त्याचंही जुळलं! दोन अधिक दोन आणि दोन गुणिले दोन सारखेच, त्यामुळे ‘कटकट’ चोराला आणि सावाला एकच शिक्का देते.

त्याऐवजी ‘कककटट’ घ्या. पाच जागांपैकी ‘ट’साठी दोन निवडायच्या, त्या दहा प्रकारे निवडता येतात. उरलेल्या जागांवर ‘क’ आपोआप बसतात. गुणाकारवाल्याचं उत्तर १२० भागिले १२ म्हणजे १०. बेरीजवाल्याचं १२० भागिले ८ म्हणजे १५. चोर पकडला गेला.

भास्कराचार्यांचे सहा

गंमत म्हणजे ‘कटकट’चं हे गणित ‘लीलावती’त आहे, फक्त अक्षरांऐवजी अंकांत. इ.स. ११५० च्या या ग्रंथात अंकपाश नावाचं प्रकरण आहे. त्यात भास्कराचार्य आधी सोपं विचारतात: विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, कमळ अदलाबदल करून दिले तर मूर्ती किती? चोवीस. शंकराच्या दहा हातांत दहा वस्तू? ३६,२८,८००. मूर्तिकारांच्या पुढच्या कित्येक पिढ्यांची सोय झाली म्हणायची!

त्यानंतर येतात सारखे अंक: २, २, १, १. नियम तोच, सारख्या अंकांच्या आपापसांतल्या मांडण्यांनी भागा. संख्या सहा होतात: २२११, २१२१, २११२, १२१२, १२२१, ११२२. पण आचार्य तिथं थांबत नाहीत, या सगळ्या संख्यांची बेरीजही विचारतात. एकेक लिहून बेरीज करायची गरज नाही. सहा संख्यांमध्ये एककाच्या जागी तीनदा २ आणि तीनदा १ येतो, बेरीज ९. दशक, शतक, सहस्र यांचंही तेच. म्हणून एकूण ९९९९. पुढचं उदाहरण ४, ८, ५, ५, ५ या अंकांचं आहे. संख्या २० आणि बेरीज ११,९९,९८८.

भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचा नातू चांगदेव यानं मठ काढला. त्याची नोंद असलेला तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण इथं सापडला. तेव्हा खानदेशातल्या विद्यार्थ्यांनी हा धडा ‘ऑप्शनला टाकणं’ जरा शोभत नाही.

एका शब्दानं तीन लाखांचा फरक

आता अटी. इथं मार्क जातात ते गणितामुळे कमी, वाचण्यामुळे जास्त.

पहिली अट: सगळे स्वर एकत्र हवेत. ‘महाराष्ट्र’च्या स्पेलिंगमध्ये स्वर म्हणजे चार ‘ए’च. त्यांची एक मोळी बांधा. मोळी आणि सात व्यंजनं मिळून आठ गोष्टी झाल्या. त्यांत ‘एच’ दोनदा, ‘आर’ दोनदा. ४०,३२० भागिले ४, उत्तर १०,०८०. सवयीनं हात पुढे जातो आणि मोळीच्या आतल्या मांडणीसाठी २४ ने गुणतो. तो हात धरायचा. आत चारही ‘ए’ एकसारखे आहेत, त्यांची मांडणी एकच.

दुसरी अट: सगळे स्वर एकत्र नकोत. एकूण ४,१५,८०० मधून १०,०८० वजा केले की ४,०५,७२०.

तिसरी अट: कोणतेही दोन स्वर शेजारी नकोत. ऐकायला दुसरीची बहीणच, पण स्वभाव पार वेगळा. दुसऱ्या अटीत तीन ‘ए’ गळ्यात गळे घालून बसले आणि चौथा लांब बसला तरी चालतं. तिसरीत एकही जोडी चालत नाही. म्हणून आधी सात व्यंजनं मांडा: ५,०४० भागिले ४, म्हणजे १,२६० प्रकार. सात व्यंजनांच्या मध्ये सहा फटी आणि दोन्ही टोकांना एकेक, अशा आठ जागा मिळतात. त्यांतल्या चार जागा ‘ए’साठी ७० प्रकारे निवडता येतात. १,२६० × ७० = ८८,२००.

कुठे ४,०५,७२० आणि कुठे ८८,२००! फरक तीन लाखांवर. तरी हा घोटाळा वर्षानुवर्षं टिकून राहतो, कारण सरावाचे पहिले प्रश्न बहुतेकदा दोनच स्वर असलेल्या शब्दांचे असतात. दोघंच असले की ‘एकत्र नकोत’ आणि ‘शेजारी नकोत’ यांचा अर्थ एकच होतो. ‘कटकट’च पाहा: दोन ‘क’ एकत्र असलेल्या मांडण्या तीन, वेगळे असलेल्याही तीन, वजाबाकीनं काढा की फटींनी. तिसरा स्वर आल्याबरोबर दोन्ही वाटा फुटतात.

खुद्द ‘महाराष्ट्र’चं स्पेलिंग तिसरी अट पाळतं बरं का, त्यातला एकही ‘ए’ दुसऱ्याला खेटून नाही. ‘इंडिया’चं मात्र पाळत नाही, शेवटी ‘आय’ आणि ‘ए’ चिकटलेत. त्याच्या ६० मांडण्यांपैकी अट पाळणाऱ्या सहाच, कारण दोन व्यंजनांच्या तीनच फटी आणि स्वरही तीन.

न हलणारी रांग

‘व्यंजनांचा मूळ क्रम न बदलता’ असं लिहिलं की पोरं घाबरतात. खरं तर हा सगळ्यांत सोपा प्रकार. एम, एच, आर, एस, एच, टी, आर याच क्रमानं येणार असतील तर ती कुठं बसणार एवढंच ठरवायचं. अकरापैकी चार जागा ‘ए’ला दिल्या की संपलं: ३३० प्रकार. आणि कुणी ‘स्वरांचा क्रम न बदलता’ विचारलं तर उत्तर पुन्हा ४,१५,८००. चार ‘ए’ क्रम बदलणार तरी कसा?

हूकसाहेबांचं कुलूप

अक्षरं विस्कटून शोध लपवायची युरोपात एके काळी रीत होती. रॉबर्ट हूक यांनी १६७६ मध्ये स्प्रिंगचा नियम चौदा लॅटिन अक्षरं वर्णक्रमानं लावून छापला. तीन ‘आय’, तीन ‘एस’, दोन ‘टी’, बाकी सहा सुटी. उलगडा दोन वर्षांनी त्यांनीच केला: जितका ताण, तितकं बल. मांडण्या होतात १,२१,०८,०९,६००. सेकंदाला एक तपासली तर अडतीस वर्षांहून अधिक काळ. प्रतिस्पर्ध्यांनी वाट पाहणंच स्वस्त होतं.

डिक्शनरीत कितवा?

सगळे ४,१५,८०० शब्द डिक्शनरीसारखे लावले तर खरा ‘महाराष्ट्र’ कितव्या नंबरवर? त्याच्या आधी काय येतं ते मोजत जायचं. ‘ए’ने सुरू होणारे १,५१,२००, ‘एच’ने सुरू होणारे ७५,६००. आता ‘एम’ पक्का. दुसरं अक्षर ‘ए’, त्याच्या आधी कुणी नाही. तिसरं ‘एच’, त्या जागी ‘ए’ असलेले ५,०४० आधी येतात. पाचवं अक्षर ‘आर’, तिथं ‘ए’ असेल तर ३६० आणि ‘एच’ असेल तर १८०. सातव्या जागेवर ७२, आठव्यावर ६, नवव्यावर ४, दहाव्यावर १. दर पावलाला उरलेल्या अक्षरांत आता जुळी किती राहिली ते पुन्हा बघायचं, चुका इथंच होतात. बेरीज २,३२,४६३. त्यात स्वतःचा एक विसरायचा नाही, म्हणून नंबर २,३२,४६४. यादीचा मध्य ओलांडून थोडा पुढे. लगेच आधीचा शेजारी म्हणजे शेवटचे ‘आर’ आणि ‘ए’ आपापसांत बदललेला शब्द.