बुडालेलं प्रॅक्टिकल मागताना

पावसाळा सरता सरता तंत्रनिकेतनांच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागात अर्ज येऊ लागतात. ‘तापामुळे हजर राहू शकलो नाही, पुन्हा संधी द्यावी, ही विनंती.’ यात खोटं काही नसतं, पण एवढ्यावरून मॅडमना काहीच ठरवता येत नाही. कुठलं प्रॅक्टिकल, किती राहिलं, टेबल किती वेळ अडणार, हे सगळं त्यांनाच खोदून विचारावं लागतं.

ट्रान्झिस्टर कॅरॅक्टरिस्टिक्सचं प्रॅक्टिकल बुडालं असेल, तर अर्ज असा लिहिता येतो:

‘माननीय मॅडम, मी द्वितीय वर्षाच्या बी२ बॅचची विद्यार्थिनी. डेंग्यूमुळे गेला आठवडाभर घरी होते. डॉक्टरांचं प्रमाणपत्र सोबत जोडलं आहे. कॉमन एमिटरच्या प्रयोगातली इनपुटची रीडिंग आधीच्या टर्नला झाली असून जर्नलवर आपली सही आहे. आउटपुटची राहिली आहेत. बेस करंट २०, ४० आणि ६० मायक्रोअँपिअर ठेवून तीन कर्व्ह काढायचे आहेत, त्याला साधारण तासभर लागेल. सर्किट आणि तक्ता वहीत तयार आहे. गुरुवारी बी१ बॅचच्या टर्नला एखादं टेबल रिकामं असल्यास, किंवा आपल्या सोयीने केव्हाही, मला बसू द्यावं, ही विनंती. इनपुटला वापरलेला ट्रान्झिस्टर मी जपून ठेवला आहे. तोच वापरू ना?’

शेवटचा प्रश्न या अर्जाचा प्राण आहे. तो विचारणारी मुलगी प्रयोग समजून घेऊन आली आहे, हे कोणत्याही शिक्षिकेच्या लगेच लक्षात येईल.

प्रयोगशाळांमध्ये नेहमी दिसणारा बीसी ५४७ घेऊ. बेसमधून चिमूटभर करंट सोडला की कलेक्टरमधून त्याच्या कितीतरी पट करंट वाहतो. ही पट म्हणजे त्याचा गेन. कारखान्याच्या माहितीपत्रकात तो ११० ते ८०० असा दिलेला असतो. ए, बी, सी ही अक्षरं त्यातलेच गट दाखवतात. म्हणजे एकाच डबीतून उचललेले दोन ट्रान्झिस्टर दिसायला जुळे असले, तरी त्यांची रीडिंग जुळतीलच असं नाही. म्हणून मैत्रिणीच्या जर्नलमधून आकडे उतरवले, तर आलेख तिच्या ट्रान्झिस्टरचा होतो. अर्ध्यावरून पुढे जाताना ट्रान्झिस्टर बदलला, तर इनपुट एकाचं आणि आउटपुट दुसऱ्याचं, असा जर्नलमध्ये गोंधळ होतो.

राहिलेलं काम तसं सरळ आहे. बेसला १०० किलोओहमचा रेझिस्टर लावून पॉवर सप्लाय २.६ व्होल्टच्या आसपास नेला, की बेस करंट २० मायक्रोअँपिअरवर येतो. मग तो तिथेच ठेवून कलेक्टरचा व्होल्टेज शून्यापासून वाढवत न्यायचा. पहिल्या काही दशांश व्होल्टमध्येच करंट झपकन चढतो आणि मग जवळजवळ सपाट होतो. त्यामुळे सुरुवातीला ०.१ व्होल्टच्या टप्प्याने रीडिंग घ्यावीत, पुढे एकेका व्होल्टने चालतं. घाईत सगळी रीडिंग एकेका व्होल्टने घेणाऱ्यांच्या आलेखात ते वळणच येत नाही, आणि प्रयोगाचा अर्धा जीव तर त्या वळणात आहे.

समजा, कलेक्टरला ५ व्होल्ट असताना २० मायक्रोअँपिअरला ५ मिलिअँपिअर आले आणि ४० ला १०.२. बेस करंट २० मायक्रोअँपिअरने वाढला, कलेक्टरचा ५.२ मिलिअँपिअरने. भागाकार केला की गेन २६० येतो, जो बी गटात बसतो.

आजारपणानंतर घाईने जोडणी केली की एक चूक हमखास होते. बीसी ५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम असतो. कलेक्टर आणि एमिटरची अदलाबदल झाली तरी ट्रान्झिस्टर मुका होत नाही, आलेखही ओळखीचे दिसतात. पण गेन शेकड्यांऐवजी खूपच खाली येतो आणि व्होल्टेज सहा-सातच्या पुढे गेला की करंट अचानक उसळतो. असं दिसलं की सप्लाय बंद करून आधी पाय तपासायचे.

दुसरी अडचण उष्णतेची. १० व्होल्ट आणि १५ मिलिअँपिअर म्हणजे १५० मिलिवॅट; एवढ्यात ट्रान्झिस्टर जळत नाही, पण तापतो, आणि आकडा हळूहळू वर सरकत राहतो. अशा वेळी रीडिंग चटकन टिपून व्होल्टेज खाली आणावा.

हे सगळं धरूनच अर्जातला तो ‘साधारण तासभर’ आला आहे. मॅडमना गुरुवारच्या टर्नमध्ये तेवढाच वेळ द्यायचा आहे. मीटर, सप्लाय आणि टेबल बी१ बॅचसाठी मांडलेलंच असतं. लॅब असिस्टंटला मात्र आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं, कारण मायक्रोअँमीटर मोजकेच असतात आणि ते आधीच वाटले गेले, तर बेस करंट वाचायला काहीच उरत नाही.