ट्रेसराउटमधले स्टार: साईट ब्लॉक आहे की नुसतं उत्तर येत नाही?

परीक्षेचं हॉल तिकीट डाऊनलोड करायचा शेवटचा दिवस. पिंपळगाव रेणुकाईहून मावसभावाने स्क्रीनशॉट पाठवला: "दादा, साईट ब्लॉक केलीय, बघ किती स्टार आलेत." मोबाईलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडून त्याने ट्रेसराउट चालवलं होतं (पत्ते मी बदललेत):

```
$ traceroute -n 203.0.113.25
 1  192.168.43.1   3.1 ms  2.8 ms  4.0 ms
 2  * * *
 3  10.70.4.1     41.6 ms 38.9 ms 44.2 ms
 4  * * *
 5  198.51.100.9  58.3 ms 55.0 ms 57.7 ms
 6  * * *
 ...
30  * * *
```

प्रत्येक पॅकेटवर टीटीएल नावाचा आकडा असतो. वाटेतला प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो. शून्य झालं की तो राउटर पॅकेट टाकून देतो आणि सहसा तसं कळवतो. ट्रेसराउट 1, 2, 3 असा टीटीएल वाढवत प्रत्येक टप्प्यावर तीन पॅकेट पाठवतं. ठरावीक वेळेत उत्तर आलं नाही की एक स्टार.

आता दुसरी ओळ बघा. तिथे स्टार आहेत, पण तिसऱ्या ओळीला उत्तर आलंय. म्हणजे पॅकेट दुसऱ्या राउटरमधून पुढे गेलंच. त्याने फक्त कळवलं नाही. चौथ्याचंही तेच. असे मधले स्टार सोडून द्यायचे.

सहाव्यापासून शेवटपर्यंत स्टार, हा खरा प्रश्न. पण लिनक्सवरचं ट्रेसराउट साधारणपणे यूडीपी पॅकेट पाठवतं, ब्राउझर मात्र सहसा टीसीपी 443 वर जातो. बऱ्याच सर्व्हरपुढची फायरवॉल असे अनोळखी यूडीपी गुपचूप टाकून देते. (स्टारऐवजी `!X` आलं असतं, तर कुणीतरी सरळ "मनाई आहे" म्हणून कळवलंय, असा अर्थ.) म्हणून त्याला ब्राउझरच्याच दारातून जायला लावलं:

```
sudo traceroute -n -T -p 443 203.0.113.25
```

नवव्या ओळीत `203.0.113.25` हजर! म्हणजे फिल्टर होता, पण यूडीपीसाठी. 443 ची वाट मोकळी होती.

तरी इथे थांबू नका. भारतात काही नेटवर्क साईटच्या नावावरून ब्लॉक करतात: जोडणीच्या सुरुवातीला ब्राउझर जे नाव उघडपणे पाठवतो, ते वाचून जोडणी तोडतात. ट्रेसराउटच्या पॅकेटमध्ये नाव नसतंच, त्यामुळे ते अशा ब्लॉकमधूनही सुखरूप पोचतं. तेव्हा `curl -v https://` आणि पुढे साईटचं नाव, असं चालवायला सांगितलं. नाव पाठवताच "Connection reset" आलं असतं, तर मलाही ब्लॉकचा संशय आला असता. पण सर्टिफिकेट नीट तपासलं गेलं आणि उत्तर आलं `503`. सर्व्हरलाच गर्दी झेपत नव्हती.

"मग व्हीपीएन नको?" त्याने विचारलं. काहीच उपयोग नव्हता. रात्री पावणेबाराला हॉल तिकीट निघालं.