पीटीचा तास काढून घेऊ नका

वर्गात चुळबुळ करणाऱ्या मुलाला शिक्षा म्हणून पीटीच्या तासाला बसवून ठेवतात. आम्ही म्हणतो, हा उलटा उपाय आहे. 2009 साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाने नऊ-दहा वर्षांच्या 20 मुलांना 20 मिनिटे भरभर चालवून चाचणी घेतली. नुसते बसल्यानंतरच्या चाचणीपेक्षा त्यांचे लक्ष चांगले लागले, वाचलेलेही जास्त समजले. हा परिणाम थोडाच वेळ टिकतो, म्हणून खेळ रोज हवा. बोलता येईल पण गाता येणार नाही, इतका दम लागला की पुरे. मात्र थोड्या खेळानेच मूल दमत असेल, चिडचिडे असेल, पापण्या आतून फिकट दिसत असतील, तर आधी हिमोग्लोबिन तपासून घ्या. पालकसभेत विचारा : पीटीचे तास मैदानावर होतात का?