T4 म्हणजे मोठा आवाज नव्हे

मावशीच्या कानामागे मशीन आहे. तिच्यासाठी फोन बघताना दुकानदाराने आपल्या मोबाइलवर माहिती काढली आणि वाचून दाखवली: "M3/T4 आहे, म्हणजे आवाज एकदम मोठा."

हे आकडे आवाजाचे नाहीतच. अमेरिकी मानकातून आलेली ही 1 ते 4 ची श्रेणी आहे. 3 किंवा 4 असेल तर फोन श्रवणयंत्राला चालण्यासारखा. M हा मशीनच्या माइकने ऐकताना फोनच्या रेडिओ लहरींमुळे येणाऱ्या खरखरीशी संबंधित आहे. जुन्या टू-जी कॉलमध्ये फोन सेकंदाला सुमारे 217 वेळा थांबून थांबून लहरी सोडतो, तेच मशीनमध्ये 'बझ्झ' असं ऐकू येतं. T हा टेलिकॉइलसाठी. ही मशीनमधली बारीक गुंडाळी फोनचं चुंबकीय क्षेत्र पकडते, त्यामुळे आजूबाजूचा गोंगाट वगळला जातो. पण मशीनमध्ये ही गुंडाळीच नसेल, तर T4 चा काडीचाही उपयोग नाही. कानाच्या आत बसणाऱ्या छोट्या मशीनमध्ये ती बहुधा नसते. असली तरी मशीन T प्रोग्रॅमवर न्यावं लागतं.

"M4 घेतला की काम झालं" हेही अर्धसत्य. मशीनलाही स्वतःचा M आकडा असतो, तो ऑडिओलॉजिस्टला विचारावा. दोन्हींची बेरीज करायची: 4 आली तर कसंबसं चालेल, 5 म्हणजे रोजच्या वापराला ठीक, 6 म्हणजे उत्तम. मावशीचं मशीन M2, फोन M3, बेरीज 5.

नव्या फोनवर असा आकडा दिसला नाही, तर फोन लगेच बाद करू नका. 2019 च्या सुधारित मानकात श्रेणीच नाही, फोन पास किंवा नापास एवढंच. म्हणून आम्ही शेवटी कागद बाजूला ठेवून मावशीचं सिम घातलं आणि नेटवर्क कमी असलेल्या कोपऱ्यात कॉल केला. नेटवर्क कमी तेवढा फोन जोर लावतो आणि खरखर वाढते. त्यामुळे दुकानाच्या दारात उभं राहून केलेली चाचणी फसवी. फोन नेहमीसारखा धरला तेव्हा तिला काही कळेना. थोडा वर, कानामागच्या माइककडे सरकवला आणि ती लगेच बोलू लागली.

"व्हायब्रेशन आहे ना, मग कॉल चुकणार नाही" ही समजूत मात्र पहिल्याच रात्री मोडली. लाकडी टेबलावर घुर्र करणारा फोन गादीवर ठेवला की थरथर गादीतच जिरते. पर्समध्ये, किंवा सैल कुर्त्याच्या खिशातही तेच. दुकानात फोन हातात घेतल्यावर थरथर जोरात वाटली होती, पण हात हा त्यासाठी सगळ्यात सोयीचा भाग. चाचणी करायची तर फोन ज्या खिशात राहणार आहे त्यातच ठेवून, चालता चालता करावी. आयफोनमध्ये प्रत्येक माणसासाठी वेगळी थरथर लावता येते, कॉल आला की फ्लॅश लुकलुकवताही येतो. पण फोन उताणा किंवा उशीखाली असेल तर फ्लॅश दिसायचा कसा? रात्रीसाठी आम्ही तिला मनगटावर थरथरणारं घड्याळ घेतलं. ते रोज संध्याकाळी चार्जिंगला लावायचं काम माझ्या भाचीकडे आहे.