एक्केचाळीस की बावन्न?

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात दापोलीकडच्या चुलतभावाचा फोन आला. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात घरावरची निम्मी कौलं गेली होती. त्यानंतरचे पावसाळे त्याने जुन्या कौलांची डागडुजी करून आणि ताडपत्री ताणून काढले. यंदा मात्र पत्रा घालायचाच, असं ठरलं होतं. दुकानदाराने कागदावर हिशेबही करून दिला होता: आठ फुटी पत्रे ४१, चौकोनी पाइप २२. "ऑर्डर देऊन टाकू ना?" त्याने विचारलं. मी म्हटलं, थांब, आधी तो कागद पाठव.

घर ३९ फूट लांब, २४ फूट रुंद. मधे आढं आणि दोन्ही बाजूंना उतार. चिऱ्याच्या भिंतींवर झड येऊ नये म्हणून पागोळीच्या बाजूंना पत्रा दोन-दोन फूट बाहेर काढायचा आणि दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींवरून एक-एक फूट. म्हणजे आकाशातून पाहिलं तर छप्पर ४१ फूट बाय २८ फूट, ११४८ चौरस फूट. पत्रा आठ फूट लांब आणि साधारण साडेतीन फूट (१०७० मिमी) रुंद, म्हणजे २८ चौरस फुटांच्या किंचित वर. भागाकार केला, ४१ आले. भागाकारात काहीच चूक नाही. चूक आहे ती क्षेत्रफळाला क्षेत्रफळाने भागण्यात.

पहिली गोष्ट, पाऊस उतारावर पडतो आणि पत्राही उतारावरच बसतो. जमिनीवर टेप लावून मोजलेली रुंदी तिथे चालत नाही. भावाच्या घराची निम्मी रुंदी १२ फूट आणि आढ्याची उंची ५ फूट. शाळेतल्या पायथागोरसाने उताराची लांबी १३ फूट येते. (असे पूर्णांक आपोआप येत नाहीत. कैची बनवणाऱ्या मिस्त्रीने उंची मुद्दाम पाच फूट धरली होती, म्हणजे तपासायला सोपं.) त्याच उताराने भिंतीबाहेरचे दोन फूट म्हणजे दोन फूट दोन इंच होतात. एकूण १५ फूट २ इंच. वर आढ्याशी दोन्हीकडचे पत्रे एकमेकांना भिडवायचे नसतात. मध्यापासून दोन-दोन इंच सोडतात, ती फट वरचा कोना झाकतो. उरले बरोबर १५ फूट. एवढ्या एका दुरुस्तीनेच ४१ चे ४४ पत्रे झाले.

दुसरी गोष्ट पत्र्याच्या रुंदीची. रंगीत, चौकोनी नळ्यांच्या पत्र्याची एकूण रुंदी १०७० मिमी असली, तरी शेजारच्या पत्र्याची कडेची नळी त्याच्या कडेच्या नळीवर बसते. त्यामुळे छप्पर झाकायला कामी येतात ते १००० मिमीच. कंपनीप्रमाणे हा आकडा थोडा बदलतो, म्हणून दुकानात रुंदी विचारू नये, 'झाकण्याची रुंदी किती' असं विचारावं. जुन्या गोल नळ्यांच्या पत्र्यात तर दीड ते दोन नळ्या लॅपमध्ये जातात आणि तोटा आणखी वाढतो. भावाच्या कागदावर १०७० मिमी धरलं होतं. ते हजार केल्यावर ४४ चे ४७ झाले.

तिसरी गोष्ट खाली-वरच्या लॅपची. उतार १५ फुटांचा आणि पत्रा आठ फुटांचा, तेव्हा एकावर एक दोन पत्रे लागणार. वरचा पत्रा खालच्यावर किमान सहा इंच चढायला हवा. उतार कमी असेल तर आठ ते दहा इंच, कारण वारा पाण्याला लॅपच्या फटीतून वर ढकलतो. सहा इंच धरले की आठ फुटी पत्रा उतारावर साडेसात फुटीच राहतो. ४७ चे ५० झाले.

आता शेवटची पायरी, आणि कॅल्क्युलेटर नेमका इथेच फसवतो. पत्रे अपूर्णांकात मिळत नाहीत आणि एका उतारावरचा उरलेला तुकडा दुसऱ्या उताराला जोडता येत नाही. म्हणून चौरस फूट विसरायचे आणि ओळी मोजायच्या. ४१ फूट म्हणजे १२.५० मीटर. पहिला पत्रा १.०७ मीटर आणि पुढचा प्रत्येक पत्रा एक मीटर. बारा पत्र्यांत १२.०७ मीटर होतात, म्हणजे ४३ सेंटीमीटर कमी पडतात. म्हणून तेरा. तेरा पत्रे आडवे, दोन उभे, दोन उतार: ५२. दुकानदाराच्या ४१ पेक्षा अकरा जास्त. ऐन जूनच्या तोंडावर अकरा पत्रे कमी पडले, तर तोच रंग आणि त्याच नळीचा पत्रा पुन्हा मिळेलच, याची खात्री नसते. दुसऱ्या कंपनीची नळी पहिलीवर नीट बसत नाही आणि मग तो सांधा दरवर्षी गळतो.

तेरा पत्र्यांची रुंदी १३.०७ मीटर, म्हणजे जवळपास ४२ फूट ११ इंच. हवे होते ४१ फूट. ही जवळपास दोन फुटांची शिल्लक कुठे घालवायची, हे पत्रे चढवण्यापूर्वी ठरवायला हवं. बारा पत्र्यांवर भागवलं असतं तर त्रिकोणी भिंतींबाहेर जेमतेम साडेतीन इंच पत्रा आला असता. कोकणातल्या झडीपुढे ते चालणारं नव्हतं. शेवटचा पत्रा उभा कापायचा, तर बहुतेक जण ग्राइंडर चालवतात. त्याच्या ठिणग्यांनी कडेचा जस्ताचा आणि रंगाचा थर जळतो आणि पहिल्याच पावसाळ्यात तिथे तांबूस रेघ उठते. आम्ही शिल्लक दोन्ही टोकांना वाटून टाकली. त्रिकोणी भिंतींबाहेर पत्रा एक फुटाऐवजी एक फूट अकरा इंच आला. वारा छपराच्या टोकांनाच सर्वांत जोरात उचलतो, म्हणून तिथे पत्र्याखाली आधारही तेवढाच पुढे न्यावा लागतो. इथे पाइपांचा हिशेब बदलतो.

पत्र्याखालच्या आडव्या पाइपांना कारागीर पर्लिन म्हणतात. त्यांच्या ओळी किती, हे पत्र्याची जाडी आणि उताराची लांबी ठरवते. अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याला दोन ओळींत चार फुटांपेक्षा जास्त अंतर देऊ नये. खालच्या काठापासून सहा इंचांवर पहिली, आढ्याकडच्या काठापासून सहा इंचांवर शेवटची, मधले १४ फूट चार भागांत. साडेतीन फुटांवर एक, अशा पाच ओळी.

मात्र ओळ कुठेही चालत नाही. खालच्या-वरच्या पत्र्यांचा लॅप पर्लिनवरच यावा लागतो, नाहीतर तो हवेत लोंबतो, माणूस चढला की वाकतो आणि फट उघडते. आमचे आठ आणि आठ मिळून सोळा फूट होत होते आणि गरज होती पंधराची. सहा इंचांचा लॅप देऊन उरलेले सहा इंच कापण्यापेक्षा आम्ही लॅपच फूटभर केला. खालचा पत्रा शून्यापासून आठ फुटांपर्यंत, वरचा सातपासून पंधरापर्यंत. तिसरी पर्लिन साडेसात फुटांवर, म्हणजे लॅपच्या बरोबर मध्यावर आली. हे जुळलं नसतं, तर ओळी हलवाव्या लागल्या असत्या. म्हणून माझा आग्रह असतो: आधी पत्र्याची लांबी ठरवा, मग पर्लिन वेल्ड करा. बहुतेक ठिकाणी उलटं होतं, कारण वेल्डर आधी येतो आणि पत्रा नंतर.

खरं तर पंधरा फुटी अखंड पत्रे मागवून घेतले असते तर २६ मध्ये भागलं असतं आणि मधला सांधाच राहिला नसता. पण पंधरा फुटांचा माल घेऊन येणारी गाडी भावाच्या पाखाडीपाशी वळत नाही. वळत असेल तर अखंडच घ्यावा.

आता लांबी. पत्रे ४२ फूट ११ इंच, पर्लिन दोन्ही टोकांना दोन-दोन इंच आत, म्हणजे एक ओळ साधारण साडेबेचाळीस फूट. दोन्ही उतारांच्या मिळून दहा ओळी, ४२५ फूट. दुकानदाराने वीस फुटांचा पाइप धरून २२ काढले होते. हा 'वीस फुटी' पाइप प्रत्यक्षात सहा मीटरचा असतो, १९ फूट ८ इंचांचा. कैच्या बरोबर दहा-दहा फुटांवर उभ्या असतील, तर दोन गाळ्यांना पाइप चार इंच अपुरा पडतो, आणि हे कळतं ते वर चढवल्यावर. आमच्या कैच्या ९ फूट ९ इंचांवर होत्या. दोन गाळ्यांचे साडेएकोणीस फूट, दोन इंच राखून बसत होते.

पण टोकाला पर्लिन भिंतीबाहेर पावणेदोन फूट जाते. तिथून सुरू केलेला अखंड पाइप मधल्या कैचीपर्यंत पोचत नाही, दीड फूट अलीकडेच संपतो. प्रत्येक सांधा कैचीवरच हवा, असं म्हटलं तर ओळीचे तुकडे होतात साडेअकरा, साडेएकोणीस, साडेअकरा फूट. ओळीला तीन पाइप, एकूण ३०, आणि आठ-आठ फुटांचे वीस तुकडे भंगारात. भावाचा चेहरा पडला.

मिस्त्रीने वेगळा मार्ग काढला. दोन्ही टोकांकडून एकेक अखंड पाइप आत आणायचा आणि मधे उरलेल्या सव्वातीन फुटांच्या जागेत एक तुकडा मधल्या कैचीवर मध्यभागी बसवायचा. सांधे कैचीपासून दोन्हीकडे एक फूट सात इंचांवर येतात. पर्लिन गाळ्याच्या मध्यावर खाली वाकते आणि कैचीवर उलटी वाकते. या दोन्हींच्या मधे, गाळ्याच्या पाचव्या ते चौथ्या भागाच्या आसपास, वाक जवळजवळ शून्य असतो. आमचा सांधा त्याच्या जवळ पडत होता. तरी आत घट्ट बसणारा फूटभर तुकडा घालून चारही बाजूंनी वेल्ड घ्यायचा, नुसते टाके मारायचे नाहीत, आणि अभियंत्याला एकदा दाखवायचं, या अटींवर मी होकार दिला. एका पाइपातून असे सहा तुकडे निघतात. दहा ओळींना वीस अखंड आणि दोन पाइप तुकड्यांचे: २२. आकडा दुकानदाराचाच आला, फक्त सांधे कुठे येणार हे आता ठाऊक होतं. हाच तुकडा टोकाला लावला असता, तर वादळात पहिला तोच सुटला असता.

घडीच्या झेड आकाराच्या पर्लिन घेणाऱ्यांना सांध्याची चिंता नसते, कारण त्या कैचीवर एकमेकींच्या कुशीत बसतात. पण तिथे लांबी मोजताना लॅप मिळवावा लागतो. प्रत्येक बाजूला फूटभर लॅप धरला, तर आमच्या साडेबेचाळीस फुटांच्या ओळीला साडेअठ्ठेचाळीस फूट माल लागला असता.

पत्रे चढवायला उत्तरेच्या टोकापासून सुरुवात केली. घर दक्षिणोत्तर आहे आणि पावसाळी वारा नैर्ऋत्येचा. नंतरचा पत्रा आधीच्यावर चढतो, त्यामुळे वरच्या पत्र्याची उघडी कड वाऱ्याकडे पाठ करून राहते. दर चार पत्र्यांनंतर मिस्त्री पर्लिनवर खडूने चार मीटरची खूण तपासत होता. प्रत्येक पत्रा अर्धा सेंटीमीटर जरी ओढून बसवला, तरी तेराव्यापर्यंत सहा-सात सेंटीमीटर फरक पडतो आणि पागोळीची रेषा तिरकी जाते.

जूनच्या पहिल्या सरीत भावाने माळ्यावर चढून फोटो पाठवला. तिसऱ्या पर्लिनवर ओल असेल तर खालचा-वरचा लॅप चुकला, पर्लिनवरून उभी रेघ उतरत असेल तर कडेची नळी नीट बसली नाही, आणि एकट्या ठिपक्याएवढी ओल असेल तर स्क्रूचा वॉशर, असं त्याला सांगून ठेवलं होतं. फोटोत दोन ठिपके होते.